गिम्पमध्ये फोटोतली छोटी नको असलेली वस्तू काढणे: आधी क्लोन, मग हील

फोटो चांगला आलाय, पण फरशीवर कुणीतरी टाकलेला कागदी कप दिसतोय. गिम्प फुकट आहे, त्यात हील टूल आहे, म्हणून तुम्ही ते उचलता आणि कपावरून फिरवता. कप जातो, पण त्याच्या जागी धुरकट, मळकट डाग उरतो. तो घालवायला पुन्हा हील फिरवता, डाग पसरतो. दहा मिनिटांनी फोटो आधीपेक्षा वाईट दिसायला लागतो आणि गिम्पच टुकार आहे असं वाटायला लागतं.

मला मदतीसाठी येणाऱ्या बहुतेक फोटोंमध्ये हीच चूक असते. टूल बरोबर निवडलेलं असतं, क्रम उलटा झालेला असतो. वस्तू काढायची क्लोनने, आणि क्लोनने राहिलेले रंगाचे फरक मिटवायचे हीलने.

याचं कारण दोन टूल्सच्या स्वभावात आहे. क्लोन म्हणजे निव्वळ नक्कल. इथले पिक्सेल उचलून तिथे जसेच्या तसे ठेवतो, आजूबाजूला काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हील मात्र सोर्समधून, म्हणजे आपण नकलेसाठी निवडलेल्या स्वच्छ जागेतून, फक्त पोत घेतो, आणि रंग व उजेड ठरवतो तो ब्रशच्या वर्तुळाच्या कडेला फोटोत जे आहे त्यावरून. ती कड स्वच्छ फरशीवर असेल तर निकाल फरशीसारखा. ती कपावर असेल तर हील कपाचाच रंग आत ओढून घेतो. मळकट डाग येतो तो इथून.

म्हणून पूर्ण स्वच्छ पृष्ठभागावरचा ठिपका, म्हणजे धूळ किंवा गालावरची पुळी, हीलने एका क्लिकमध्ये जातो, कारण ठिपक्यापेक्षा मोठा ब्रश घेता येतो आणि त्याची कड सगळीकडून स्वच्छ जागेवर पडते. कपाच्या मागून फरशीची सांध जात असेल, शेजारी बूट असेल, तर ती सोय उरत नाही.

खाली एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं आहे. फोटो 4000 × 3000 पिक्सेलचा. फरशीवर उभ्या माणसाच्या पायाशी कागदी कप पडलाय, सुमारे 130 पिक्सेल रुंद. त्याची सावली उजवीकडे साधारण 90 पिक्सेल गेलीय आणि तिचं टोक बुटाला टेकलंय. कपाच्या मागून फरशीची एक आडवी सांध जाते, सुमारे 10 पिक्सेल जाडीची. म्हणजे एकाच जागी सपाट भाग, रेषा, सावली आणि जपायची कड, असं सगळंच आहे. गिम्प 2.10 आणि 3.0 या दोन्हींत या पायऱ्या सारख्याच चालतात. मॅकवर Ctrl ऐवजी Cmd दाबायचं.

## 1. ब्रश उचलण्याआधीची तयारी

फोटो उघडा आणि आधी `Image > Mode` बघा. तिथे `RGB` किंवा `Grayscale` निवडलेलं असेल तर ठीक. `Indexed` असेल, जे गिफ आणि काही पीएनजी फाइल्समध्ये असतं, तर हील चालतच नाही. `RGB` करून घ्या.

मग `Shift+Ctrl+D` दाबून लेयरची प्रत काढा. लेयर पॅनेलमध्ये वरच्या प्रतीच्या नावावर दोनदा क्लिक करून तिला ‘सफाई’ असं काहीही नाव द्या. यापुढे सगळं काम या प्रतीवर. खालचा मूळ फोटो जसाच्या तसा राहतो, आणि तोच पुढे तुमची तुलना करायची मोजपट्टी आहे.

काही जण रिकाम्या पारदर्शक लेयरवर काम करायचा सल्ला देतात, `Sample merged` चालू करून. क्लोनसाठी ती पद्धत छान आहे. पण हीलला ज्या जागेवर काम करायचंय तिथले पिक्सेलही वाचावे लागतात, त्यामुळे नवख्या माणसाने पूर्ण प्रत घेऊनच काम करावं असं माझं मत आहे. `Sample merged` बंदच ठेवा, डोक्याला एक ताप कमी.

आता `Ctrl+S` करा. गिम्प `.xcf` फाइल मागेल, ती द्या. दर टप्प्यानंतर पुन्हा `Ctrl+S`. `Ctrl+Z` ला मर्यादा असते आणि क्लोनचा प्रत्येक छोटा ठसा हा एक स्वतंत्र टप्पा मोजला जातो. तीस ठशांनंतर मागे जायचं तर ते मिळेलच असं नाही.

तपासा: लेयर पॅनेलमध्ये वरची प्रत निवडलेली आहे का? आणि एकदा `Shift+Ctrl+A` दाबून जुनं सिलेक्शन राहिलं असेल तर काढून टाका. ‘ब्रश फिरवतोय पण काहीच होत नाही’ या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं: कुठेतरी कोपऱ्यात एक विसरलेलं सिलेक्शन पडलेलं असतं आणि ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो.

## 2. टूलची मांडणी

क्लोनसाठी `C`, हीलसाठी `H`. दोन्ही टूल्स टूलबॉक्समध्ये एकाच बटणामागे असू शकतात. एकच दिसत असेल तर बटण दाबून धरा, दुसरं बाहेर येतं.

`C` दाबा आणि Tool Options मध्ये एवढं बघून घ्या. `Mode` हा `Normal`. `Opacity` 100. ब्रश `2. Hardness 050` किंवा `2. Hardness 075`, हे दोन्ही तयार ब्रश गिम्पमध्ये असतातच. आकार कमी-जास्त करायला `[` आणि `]`.

`Opacity` कमी ठेवून ‘हळूहळू’ काम करायचा मोह होतो. करू नका. 50 टक्क्यांवर क्लोन केलं की दोन जागांचे कण एकमेकांवर अर्धे-अर्धे छापले जातात आणि फरशीचा खरबरीतपणा पुसट होतो. मऊपणा हवा तो ब्रशच्या कडेला, मधोमध नाही.

सगळ्यात महत्त्वाचा पर्याय त्याच पॅनेलमध्ये खाली आहे: `Alignment`. तिथे सहसा `None` असतं, ते `Aligned` करा.

फरक नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथे होतात. `None` असताना तुम्ही माऊस सोडून पुन्हा क्लिक केलं की गिम्प पुन्हा त्याच पहिल्या सोर्स बिंदूपासून नक्कल सुरू करतो. म्हणजे दहा वेळा क्लिक केलं तर फरशीचा एकच तुकडा दहा वेळा छापला जातो, शिक्के मारल्यासारखा. `Aligned` असताना सोर्स आणि ब्रश यांच्यातलं अंतर आणि दिशा पहिल्या क्लिकला ठरते आणि पुढे तीच राहते. ब्रश डावीकडे सरकला की सोर्सही तेवढाच डावीकडे. नवा सोर्स घेतला की नातं नव्याने जुळतं.

`H` दाबून हीलमध्येही `Alignment` हे `Aligned` करा. दोन्ही टूल्सची मांडणी वेगवेगळी राहते, एकात केलेलं दुसऱ्यात येत नाही.

तपासा: सोर्स न घेता क्लिक केलं तर गिम्प खाली `Set a source image first.` असं सांगतो. ती चूक नाही, आठवण आहे. Ctrl दाबून धरा, स्वच्छ जागी एकदा क्लिक करा, Ctrl सोडा, मग काम.

## 3. जपायची कड बंद करून घ्या

सावलीचं टोक बुटाला टेकलंय. हात कितीही स्थिर असला तरी ब्रश बुटावर जाणारच, म्हणून आधी बूट कुलूपबंद करू.

झूम 200 टक्के करा, त्यासाठी `2` ही कळ. `F` दाबून Free Select घ्या. Tool Options मध्ये `Feather edges` चालू करून त्रिज्या 1 ते 2 च्या आसपास ठेवा. बुटाच्या कडेने जवळजवळ क्लिक करत जा आणि बुटाच्या आतून वळसा घालून पहिल्या बिंदूवर परत या. पूर्ण बूट घ्यायची गरज नाही, सावलीजवळचं टोक पुरे. `Enter` दाबा. मग `Ctrl+I` ने सिलेक्शन उलटं करा. आता बूट सोडून सगळीकडे ब्रश चालेल.

त्रिज्या शून्य ठेवली तर बुटाची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. 10 ठेवली तर बुटाभोवती जुन्या सावलीचं वलय राहतं. फोटोतली बुटाची कड जितकी मऊ दिसतेय तितकीच सिलेक्शनची ठेवायची, एवढं साधं गणित आहे.

वस्तूला काहीच टेकत नसेल तर हा टप्पा सरळ सोडून द्या.

## 4. पहिल्यांदा रेषा

सपाट भाग भरायचा आणि सांध शेवटी जोडायची, हा क्रम सोपा वाटतो आणि फसवतो. सांध पुन्हा आखायची तर कपाच्या दोन्ही बाजूंना ती नेमकी कुठे येते हे दिसत असायला हवं. आजूबाजूचं आधी भरलं की त्या खुणा पुसल्या जातात आणि सांध मध्येच दोन-तीन पिक्सेल वर-खाली होते. माणसाचा डोळा एवढी चूकही लगेच पकडतो. फरशीचे कण चुकले तर कुणी बघत नाही, सरळ रेषा मोडली तर सगळे बघतात.

क्लोन घ्या, ब्रश `2. Hardness 075`, आकार सुमारे 30. म्हणजे 10 पिक्सेलची सांध मधे आणि दोन्ही बाजूंना थोडी फरशी. सांधेच्या जाडीएवढाच ब्रश घेतला तर तिच्या काठावर नवी कड तयार होते.

आता कपाच्या डावीकडे, सुमारे 180 पिक्सेल अंतरावर, सांधेच्या अगदी मधोमध Ctrl दाबून क्लिक करा. मग ब्रश सांधेवरच, पण कपाच्या डाव्या कडेच्या जरा अलीकडे आणा, जिथे सांध अजून स्पष्ट दिसतेय. तिथे एक क्लिक करा.

इथे थांबून बघा. सोर्सही सांधेच्या मधोमध आहे आणि ठसाही, त्यामुळे फोटोत काहीच बदललेलं दिसायला नको. सांध किंचित वर किंवा खाली उडालेली दिसली तर `Ctrl+Z`, पुन्हा Ctrl-क्लिक, पुन्हा पहिला ठसा. तो बरोबर बसेपर्यंत पुढे जायचं नाही. गिम्प ब्रशच्या आत काय छापलं जाणार हे आधी दाखवत नाही, त्यामुळे दिसणाऱ्या सांधेवरचा हा पहिला ठसा हीच तुमची एकमेव झलक आहे.

तो बसला की बाकीचं सोपं. नातं ठरलेलं आहे, सांधेच्या दिशेने उजवीकडे एकेक ठसा देत जा, प्रत्येक वेळी अर्ध्या ब्रशएवढं पुढे. हात थोडा वर-खाली झाला तरी चालतं, कारण सोर्सही तेवढाच वर-खाली होतो आणि सांध आपल्या जागीच छापली जाते. `Aligned` चा खरा फायदा इथे कळतो.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची: सोर्सची फुली. तुम्ही उजवीकडे सरकाल तशी तीही सरकते. ती कपाच्या मूळ जागेपाशी पोचायच्या आधी थांबा, नाहीतर कपाचा उरलेला भाग पुन्हा छापला जाऊ शकतो. आपल्या उदाहरणात सोर्स 150 मागे आहे आणि कप 130 रुंद, त्यामुळे कप पार होतो. पुढची सावली मात्र तशी पार होणार नाही. तिच्यासाठी कपाच्या पलीकडे, सावली संपल्यावर जी स्वच्छ सांध दिसतेय तिथून नवा सोर्स घ्या आणि उजवीकडून डावीकडे या.

इशारा: सांध कॅमेऱ्यापासून दूर जात असेल तर ती पुढे-पुढे बारीक होत जाते. तेव्हा लांबचा सोर्स घेतला तर जाडी जुळत नाही. सोर्स जितका जवळचा तितकं बरं.

तपासा: `1` दाबून 100 टक्क्यांवर या. सांध डावीकडून उजवीकडे एका नजरेत सरळ जातेय का? दोन्ही बाजूंनी आलेली सांध जिथे मिळते तिथे पायरी दिसत असेल तर ती आत्ताच दुरुस्त करा. नंतर हीलने ती सरळ होणार नाही.

## 5. कपाचं अंग क्लोनने झाका

ब्रश `2. Hardness 050`, आकार 60 ते 80. आता सांधेच्या वरचा आणि खालचा कपाचा भाग फरशीने भरायचा.

सोर्स कुठून घ्यायचा हा इथला खरा प्रश्न. नवखा माणूस कपाच्या वरची किंवा खालची फरशी उचलतो, कारण ती सगळ्यात जवळ असते. पण फोटोत वर गेलं म्हणजे सहसा कॅमेऱ्यापासून लांब गेलं. तिथले कण बारीक असतात आणि बऱ्याचदा थोडे धूसरही. ती फरशी खाली आणली की ‘काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाही’ असं होतं. म्हणून सोर्स शक्यतो कपाच्या डावी-उजवीकडून, त्याच उंचीवरून घ्या. कॅमेऱ्यापासूनचं अंतर सारखं, म्हणून कण सारखे आणि फोकसही सारखा.

बाहेरून आत काम करा. आधी कपाची कड मोडा, मग मधला भाग. माऊस दाबून लांबवर ओढू नका, छोटे-छोटे ठसे द्या, आणि चार-पाच ठशांनंतर नवा सोर्स घ्या. दोन-तीन डावीकडून, दोन-तीन उजवीकडून. एकाच जागेवरून सगळं भरलं तर फरशीवरचा एखादा काळा खडा दोन ठिकाणी जुळ्या भावासारखा दिसतो, आणि एकदा दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही.

सांधेजवळ येताना ब्रश लहान करा आणि ती मोडू देऊ नका. चुकून मोडलीच तर चौथ्या टप्प्यातला सोर्स पुन्हा घेऊन तेवढाच तुकडा आखा.

कप गेल्यावर तिथली फरशी आजूबाजूपेक्षा थोडी उजळ किंवा गडद दिसेल. डावीकडे उजेड जास्त, उजवीकडे कमी, असं असतंच. आत्ता त्याच्या मागे लागू नका. पोत बरोबर आहे ना आणि कपाचा एकही पिक्सेल उरला नाही ना, एवढंच बघा.

## 6. सावली विसरू नका

कप गेला, सावली राहिली, हे इतकं नेहमीचं आहे की त्याला वेगळा टप्पा दिलाय. सावलीचा गडद भाग सगळ्यांना दिसतो. तिची बाहेरची मऊ कड दिसत नाही, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बाहेरपर्यंत गेलेली असते. आपली 90 पिक्सेलची सावली झाकायला प्रत्यक्षात 110-120 पर्यंत जावं लागलं.

पद्धत पाचव्या टप्प्यातलीच. ब्रश थोडा मोठा चालतो. बुटाजवळ बेधडक जा, सिलेक्शन आहे.

पण एक विचार करून घ्या. त्याच जागी बुटाची स्वतःची सावली असेल तर ती राहिली पाहिजे. माझ्याकडून एकदा कपाबरोबर बुटाची सावलीही गेली आणि फोटोतला माणूस जमिनीपासून चार बोटं वर तरंगायला लागला. मला ते दुसऱ्या दिवशी दिसलं. दुसऱ्या बुटाची सावली कशी पडलीय ते बघा, तेवढी आणि तशीच या बुटाखाली ठेवा.

तपासा: लेयर पॅनेलमधल्या डोळ्यावर क्लिक करून ‘सफाई’ लेयर बंद-चालू करा. मूळ सावली जिथवर होती तिथवर तुमचं काम पोचलंय का ते लगेच कळतं.

## 7. आता हील

इथवर कपाचा किंवा सावलीचा रंग कुठेच उरलेला नाही. म्हणजे हीलचं वर्तुळ कुठेही टेकवलं तरी त्याची कड फरशीवरच पडणार. याच क्षणासाठी हील मागे ठेवलं होतं.

`H`, ब्रश `2. Hardness 050`. आकार तुम्हाला मिटवायच्या उजळ किंवा गडद ठिगळापेक्षा थोडा मोठा. ठिगळ 50 पिक्सेलचं असेल तर ब्रश 70. लहान ब्रशने ठिगळाच्या आत फिरत राहिलात तर कडेला ठिगळाचाच रंग मिळतो आणि हील तोच रंग इमानेइतबारे परत भरतो. ‘हील काहीच करत नाही’ असं वाटतं ते यामुळे.

ठिगळ खूप मोठं असेल तर एकाच अवाढव्य ब्रशने मारू नका. मोठ्या ब्रशवर हील संथही होतो. त्याऐवजी ठिगळाची सीमारेषा घ्या, जिथे उजळ आणि गडद भाग भेटतात, आणि तिच्यावरून ठसे देत जा. सीमा विरघळली की ठिगळ डोळ्याला दिसत नाही, मधला भाग किंचित वेगळा असला तरी.

Ctrl-क्लिकने सोर्स साध्या, एकसारख्या फरशीवरून घ्या. तिथे खडा किंवा ओरखडा नको, कारण पोताबरोबर तोही येतो. मग एकेक क्लिक करा, ओढू नका.

सांधेच्या आणि बुटाच्या जवळ हील नेऊ नका. वर्तुळाची कड गडद सांधेला शिवली की तिचा गडदपणा आत ओघळतो, ओल्या भिंतीवर उतरलेल्या डागासारखा. सिलेक्शन इथे वाचवत नाही: ते बुटावर रंग पडू देत नाही, पण हील हिशेब करताना शेजारचा बूट बघतोच. साधा नियम असा, की वर्तुळ आणि सांध यांच्यात थोडी मोकळी फरशी दिसली पाहिजे. त्या पट्ट्यात रंगाचा फरक राहिला असेल तर तो क्लोननेच, अगदी शेजारचा सोर्स घेऊन दुरुस्त करा.

इशारा: हीलचा अतिरेक झाला की फरशी मेणचट दिसायला लागते. एकाच जागी तीनदा हील करूनही जमत नसेल तर चौथ्यांदा करू नका. `Ctrl+Z` करत मागे जा, त्या जागी दुसऱ्या सोर्सवरून क्लोन करा आणि मग एकदाच हील.

## 8. चोरी पकडायच्या तीन तपासण्या

स्वतःच्या कामाकडे अर्धा तास बघितल्यावर डोळा आंधळा होतो. म्हणून त्याला फसवायला लागतं.

पहिली, लांबून बघा. `Shift+Ctrl+J` ने पूर्ण फोटो खिडकीत बसवा. 200 टक्क्यांवर छळणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे दिसतही नाहीत, त्या सोडून द्या. आणि तिथे न दिसलेलं ठिगळ इथे ढळढळीत दिसू शकतं.

दुसरी, फोटो उलटा करून बघा. `View > Flip & Rotate > Flip Horizontally`. यात फक्त दृश्य उलटतं, फोटो नाही. ओळखीचं चित्र अनोळखी झालं की नजर थेट चुकीवर जाते. बघून झालं की पुन्हा त्याच पर्यायावर क्लिक करा.

तिसरी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. आधी `Shift+Ctrl+A` ने सिलेक्शन काढा. मग `Colors > Curves` उघडा आणि तिरकी रेषा मधोमध खूप उभी करा, फोटो भडक, विद्रूप दिसेपर्यंत. क्लोनची ठिगळं, सावलीची राहिलेली कड, हीलने मेणचट झालेले भाग, सगळं उघडं पडतं. कुठे काय आहे ते लक्षात ठेवा आणि `Cancel` दाबा. `OK` नाही. चुकून `OK` झालंच तर लगेच `Ctrl+Z`.

या वेळी कपाच्या जागी दोन गोष्टी दिसल्या: सांधेखाली एक फिकट अर्धगोल, म्हणजे सावलीची मऊ कड, आणि 80 पिक्सेलच्या अंतराने दोन सारखे खडे. पहिलीवर सांधेपासून अंतर ठेवून हीलचे दोन ठसे पुरले. दुसरीसाठी एका खड्यावर, तिसऱ्याच जागेच्या सोर्सवरून, हीलचा एक ठसा. दोन्हीपैकी एकच खडा पुसायचा, दोन्ही नाही. फरशीवर खडे असतातच.

एखादी जागा हाताबाहेर गेलीच तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. ‘सफाई’ लेयरवर उजवं क्लिक, `Add Layer Mask`, त्यात `White (full opacity)`. मास्क निवडलेला असताना काळ्या रंगाने तेवढीच जागा रंगवा, खालचा मूळ फोटो तिथे परत दिसेल. मग `Layer > New from Visible` ने दिसतंय त्याचा नवा लेयर घ्या आणि तेवढ्या जागेवर चौथ्या टप्प्यापासून पुन्हा करा.

## कुठे ही पद्धत सोडून द्यावी

कप फरशीवर आहे म्हणून जमलं, कारण त्याच्यामागे काय असेल ते आजूबाजूला बघून कळतं. तोच कप कुणाच्या हातापुढे किंवा चेहऱ्यापुढे असेल तर मागची बोटं किंवा हनुवटी फोटोत नाहीच, आणि क्लोन नसलेली गोष्ट आणणार कुठून? वस्तू शेजारच्या स्वच्छ जागेपेक्षा मोठी असेल तरी हीच अडचण: उचलायला पुरेशी फरशीच नाही, मग पुनरावृत्ती दिसणारच. अशा वेळी फोटो कापून वस्तू चौकटीबाहेर घालवणं जास्त प्रामाणिक दिसतं, आणि दोन मिनिटांत होतं.

## 9. जतन करणे

`Ctrl+S` ने `.xcf` ठेवा, त्यात दोन्ही लेयर राहतात. लोकांना द्यायच्या फोटोसाठी `Shift+Ctrl+E`, नाव मूळ फाइलपेक्षा वेगळं, शेवटी `.jpg`, आणि दर्जा 90 च्या खाली नको. त्याहून खूप खाली नेलात तर जेपेगच्या चौकटी सपाट फरशीवर दिसायला लागतात, आणि त्या नेमक्या तुम्ही सफाई केलेल्या जागेवरच आहेत असं वाटून तुम्ही पुन्हा हील घेऊन बसाल. `.xcf` जतन करायच्या आधी `File` मेनूत `Overwrite` असा पर्याय दिसतो, तो मूळ फाइलवरच लिहितो. त्याला हात लावू नका.

निर्यात झालेला फोटो एकदा गिम्पच्या बाहेर, फोनवर उघडून बघा. कपाची जागा शोधायला तुम्हालाच क्षणभर थांबावं लागलं, तर `.xcf` बंद करायला हरकत नाही.